ऑफिसचे पासवर्ड एकाच जागी ठेवायचे, पण किल्ली एकाच माणसाकडे नको: छोट्या टीमने पासवर्ड मॅनेजर कसा सुरू करायचा?

समजा, कोल्हापुरात सहा जणांची एक छोटी एजन्सी आहे. हॉटेलं, साड्यांची दुकानं, क्लासेस यांची इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेजेस ही मंडळी सांभाळतात. सगळ्यांचे पासवर्ड एका गुगल शीटमध्ये. शीटचं नाव काय, तर ‘पासवर्ड फायनल’. कुणाला लॉगिन हवं असलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायचं, कुणीतरी टाकतं. काम चालू असतं.

एका शनिवारी एका ग्राहकाची वेबसाइट बंद पडते. कारण साधं असतं, डोमेनची मुदत संपलेली. पैसे भरले की काम झालं. पण डोमेनचं खातं फक्त मालकीणबाईंच्या ईमेलवर, त्याचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात, आणि त्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात. फोन बंद. पुढचे दोन दिवस ग्राहकाला काय सांगायचं, हा प्रश्न उरलेल्या पाच जणांसमोर.

अशा वेळी ‘पासवर्ड मॅनेजर घ्या’ असा सल्ला मिळतो, आणि तो बरोबरच आहे. पण नुसतं ॲप घेऊन शीटमधले पासवर्ड त्यात ओतले, तर दोन गोष्टी तशाच राहतात. आधीच चोरीला गेलेले पासवर्ड आता नव्या तिजोरीत जाऊन बसतात. आणि तिजोरीची किल्ली पुन्हा एकाच माणसाकडे राहते. या दोन्ही गोष्टी टाळून हे काम कसं करायचं, ते याच एजन्सीच्या उदाहरणावरून बघूया. ॲप म्हणून बिटवॉर्डन धरलंय. दुसरं कुठलं घेतलं तर बटणांची नावं बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

आधी यादी कमी करा

एजन्सीच्या शीटमध्ये ६४ नोंदी आहेत. त्या तशाच्या तशा नव्या ॲपमध्ये टाकायच्या नाहीत. एका दुपारी दोघांनी बसून प्रत्येक ओळीपुढे एक शेरा लिहायचा: बंद करायचं, वेगळं लॉगिन घ्यायचं, की खरंच सगळ्यांना मिळून वापरायचं?

समजा, ११ खाती अशी निघाली की जी कुणी वर्षभर उघडलेलीच नाहीत. ती नुसती शीटमधून खोडायची नाहीत, त्या त्या सेवेत जाऊन खातं बंद करायचं. पडून राहिलेलं खातं किती महागात पडतं, याचं मोठं उदाहरण २०२१ मध्ये अमेरिकेत दिसलं. कलोनियल पाइपलाइन या इंधन पोहोचवणाऱ्या कंपनीत हॅकर शिरले ते बाहेरून लॉगिन करायच्या एका जुन्या खात्यातून. ते खातं वापरात नव्हतं, पण चालू होतं. त्यावर पासवर्डनंतरचा दुसरा टप्पा, म्हणजे ओटीपीसारखी तपासणी नव्हती. आणि त्याचा पासवर्ड नंतर चोरीच्या पासवर्डांच्या एका यादीत सापडला. कंपनीला पाइपलाइन काही दिवस बंद ठेवावी लागली आणि सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी मोजावी लागली.

आणखी १८ खाती अशी की जिथे पासवर्ड वाटून घ्यायची गरजच नाही. फेसबुक पेजवर प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या खात्यातून काम करायचे अधिकार देता येतात. वेबसाइटवर प्रत्येकाचा वेगळा युजर करता येतो. बँकेचं नेटबँकिंग तर मुळीच वाटायचं नाही. हिशेब बघणाऱ्या काकांना ते लागत असेल, तर बँकेकडून त्यांच्या नावाने वेगळा युजर मागायचा.

उरली ३५ खाती. एकच लॉगिन, वापरणारे अनेक. पासवर्ड मॅनेजर खऱ्या अर्थाने लागतो तो यांच्यासाठी.

तिजोरी उघडताना पहिल्याच दिवशी दोन मालक

बिटवॉर्डनमध्ये दोन वेगवेगळे कप्पे असतात. एक प्रत्येकाचा खासगी, तो फक्त त्यालाच दिसतो. दुसरा संस्थेचा, म्हणजे ऑफिसचा. ऑफिसच्या कप्प्यात ‘कलेक्शन’ नावाचे खण करता येतात. एजन्सीने तीन केले: ग्राहकांची सोशल खाती, डोमेन आणि वेबसाइट, हिशेब. डिझायनरला पहिला खण दिसतो, काकांना तिसरा.

पासवर्ड न दाखवता फक्त वापरू द्यायची सोयही असते. तिच्यावर फार विसंबू नये. ॲप जेव्हा वेबसाइटच्या चौकटीत पासवर्ड भरतं, तेव्हा थोडी माहिती असलेला माणूस ब्राउझरमधून तो वाचू शकतो. त्यामुळे कुणी नोकरी सोडली, तर त्याला जो जो खण दिसत होता, त्यातले पासवर्ड बदलायचेच.

प्रत्येकाचा एक मास्टर पासवर्ड असतो. तो विसरला तर साधारणपणे कंपनी तो परत देऊ शकत नाही, कारण तिजोरीतला मजकूर त्याच पासवर्डाच्या आधाराने कुलूपबंद होतो आणि कंपनीकडे फक्त कुलूपबंद प्रत असते. म्हणून तो लांब पण लक्षात राहील असा हवा. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार-पाच शब्द उत्तम. मुलांची नावं, गाडीचा नंबर, गाण्याची ओळ नको. हा पासवर्ड आयुष्यात दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा.

त्यावर दुसरा टप्पा म्हणून मोबाइलवरचं ऑथेंटिकेटर ॲप लावायचं. तो लावल्यावर एक रिकव्हरी कोड मिळतो. फोन हरवला तर तोच कामी येतो. इथे एक हमखास चूक होते. हा कोड लोक त्याच तिजोरीत ठेवून देतात. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. हा कोड कागदावर हवा.

आता मुख्य गोष्ट. ऑफिसच्या कप्प्याला मालकीणबाईंबरोबर दुसरा ‘ओनर’ पहिल्याच दिवशी नेमायचा. समजा, टीममधली सगळ्यात जुनी सहकारी. तिला ओनर केलं म्हणजे काम झालं असं नाही. तिने स्वतःच्या खात्यातून तिन्ही खण उघडून बघायचे. ओनरला सगळं आपोआप दिसावं की नाही, हे सेटिंगवर ठरतं. नाव ओनर आणि खण रिकामा, असं होऊ शकतं.

शीट आत आली, आता जुन्या प्रती

शीटमधून सीएसव्ही फाइल काढली की ॲप ती एका झटक्यात आत घेतं. पण त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड साध्या अक्षरात असतात. ती डाउनलोड्समध्ये राहते, मग कचरापेटीत राहते. दोन्ही ठिकाणांहून काढायची. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीतली शीट ३० दिवस तिथेच असते, तीही रिकामी करायची. व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज मात्र सहा जणांच्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये पसरलेले असतात. ते पुसत बसण्यापेक्षा एकच नियम धरावा: जो पासवर्ड शीटमध्ये किंवा ग्रुपवर होता, तो फुटला असं समजायचं आणि बदलायचा.

पण कधी? सगळे सहा जण नव्या ॲपमधून लॉगिन करू लागल्यावर. आधी पासवर्ड बदलले आणि निम्मी टीम अजून शीट बघतेय, तर दुसऱ्या दिवशी अर्धं ऑफिस बाहेर अडकतं आणि कुणीतरी नवा पासवर्ड पुन्हा ग्रुपवर टाकतं. त्याच वेळी प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढायचे आणि साठवण्याचा पर्याय बंद करायचा. नाहीतर ब्राउझर जुना पासवर्ड भरत राहतो आणि चार चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक होतं.

पासवर्ड चोरीला गेलाय, हे कसं कळतं?

सगळे ३५ पासवर्ड बदलायचे असले, तरी सुरुवात कुठून करायची हे चोरीची तपासणी सांगते. वेगवेगळ्या वेबसाइटवरून फुटलेले पासवर्ड एकत्र करून ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१७ मध्ये एक खुली यादी उपलब्ध केली. त्याची वेबसाइट haveibeenpwned.com. बिटवॉर्डन याच यादीशी आपले पासवर्ड ताडून बघतं.

मग प्रश्न येतो: तपासायला पासवर्ड त्यांना पाठवायचा, म्हणजे तोही त्यांच्या हाती देणं नाही का? नाही, आणि इथेच या तपासणीची हुशारी आहे. तुमच्याच कॉम्प्युटरवर पासवर्डाचा एक ‘ठसा’ काढला जातो. ठरलेल्या गणिती पद्धतीने तयार झालेली ४० अक्षरांची ओळ. password या जगप्रसिद्ध पासवर्डाचा ठसा असा येतो:

```
5BAA61E4C9B93F3F0682250B6CF8331B7EE68FD8
```

यातली फक्त पहिली पाच अक्षरं, म्हणजे 5BAA6, बाहेर पाठवली जातात. पाच अक्षरांच्या अशा १०,४८,५७६ जोडण्या होऊ शकतात. समोरून उत्तर येतं ते त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो ठशांचं, उरलेल्या अक्षरांसह, आणि प्रत्येकापुढे तो किती वेळा सापडला तो आकडा. आपला ठसा त्यात आहे का, हे पुन्हा तुमच्याच कॉम्प्युटरवर बघितलं जातं. समोरच्याला तुमचा पासवर्ड कळत नाही, त्या शेकड्यांतला तुमचा कुठला हेही कळत नाही. एखाद्या दुकानात जाऊन ‘पाटील आडनावाच्या सगळ्यांची यादी द्या’ म्हणायचं आणि आपल्याला हवं ते नाव घरी येऊन शोधायचं, तसं.

बिटवॉर्डनच्या वेबवरच्या खात्यात `Reports` मध्ये `Exposed Passwords` हा अहवाल असतो. ऑफिसच्या कप्प्यासाठी तो ऑफिसच्या विभागातून चालवायचा. प्रत्येकाच्या खासगी कप्प्यातलं त्यात येत नाही. तिथे ज्याचा त्याने स्वतःचा अहवाल बघायचा.

समजा, एजन्सीच्या ३५ पैकी ९ पासवर्ड यादीत सापडले. याचा अर्थ ती नऊ खाती हॅक झाली असा नाही. जगात कुठेतरी, कुणाच्या तरी खात्यातून तोच पासवर्ड फुटलाय, एवढाच. पण चोर लोक अशाच याद्या घेऊन दारोदार प्रयत्न करतात, त्यामुळे ते नऊ आजच बदलायचे.

उरलेल्या २६ बद्दल निर्धास्त व्हायचं का? तेही नाही. ‘सापडला नाही’ म्हणजे या यादीत नाही. दुकानाचं नाव आणि पुढे @123 असा पासवर्ड कदाचित यादीत नसेल, पण ते दुकान माहीत असलेला कुणीही तो ओळखेल. म्हणून त्याच ठिकाणचा `Reused Passwords` हा दुसरा अहवालही बघायचा. समजा, तिथे दिसलं की एकच पासवर्ड चौदा ग्राहकांच्या खात्यांना लावलाय. यातला एक जरी फुटला, तरी चौदा ग्राहक गेले. यादीत नसला तरी हा पासवर्ड आधीच्या नऊंइतकाच तातडीचा.

बदलताना क्रम असा: पहिल्यांदा ईमेल, कारण बाकी सगळ्यांच्या ‘पासवर्ड विसरलात?’च्या लिंक तिथेच येतात. मग डोमेन. मग जाहिरातींची खाती, जिथे कार्ड जोडलेलं असतं. मग पेजेस. नवे पासवर्ड ॲपकडूनच बनवून घ्यायचे. आणि प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ हे करायचं. काही ठिकाणी पासवर्ड बदलला तरी आधीपासून आत असलेला माणूस आतच राहतो.

या यादीत नव्या चोऱ्यांची भर पडत असते. म्हणून अहवाल एकदा बघून भागत नाही. दर तीन महिन्यांची तारीख ठरवून, कुणा एकाच्या नावावर ते काम टाकलेलं बरं.

इमर्जन्सी ॲक्सेस: नाव मोठं, पण तो कशाला लागू होतो?

आता दवाखान्यातल्या त्या दोन दिवसांकडे येऊ. बिटवॉर्डनच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यात ‘इमर्जन्सी ॲक्सेस’ ही सोय असते. मालकीणबाई एका विश्वासू माणसाला आधीच नेमून ठेवतात, समजा बहिणीला. बहिणीचं स्वतःचं मोफत खातं असलं तरी चालतं. गरज पडली की बहीण विनंती करते. मालकीणबाईंना ईमेल जातो. त्या ठीक असतील तर नकार देतात. ठरवलेल्या दिवसांत काहीच उत्तर आलं नाही, तर तिजोरी बहिणीसाठी उघडते. ही मुदत एका दिवसापासून ९० दिवसांपर्यंत ठेवता येते. फार कमी ठेवली तर परदेश प्रवासात ईमेल न बघितल्यासही दार उघडेल. फार जास्त ठेवली तर गरजेला उपयोग नाही. घरच्या माणसासाठी सात दिवस हा बहुतेकांना जमणारा मध्य.

हे जोडताना तीन पायऱ्या असतात: निमंत्रण, समोरच्याचा होकार, आणि पुन्हा नेमणाऱ्याने पक्कं करणं. तिसरी पायरी हमखास राहते. होकार आला म्हणजे झालं, असं लोकांना वाटतं. पण तिजोरीची किल्ली बहिणीलाच उघडता येईल अशा रीतीने कुलूपबंद होते ती त्या शेवटच्या पायरीला, मालकीणबाईंच्या खात्यातून. ती राहिली तर प्रसंगी कंपनीही काही करू शकत नाही, कारण किल्ली तिच्याकडे कधी नव्हतीच.

अधिकार दोन प्रकारचे. एक फक्त बघण्याचा. दुसरा ताबा घेण्याचा, ज्यात बहीण नवा मास्टर पासवर्ड ठेवते आणि दुसऱ्या टप्प्याची तपासणी निघून जाते.

छोट्या ऑफिसांचा घोळ नेमका इथे होतो. इमर्जन्सी ॲक्सेस हा माणसाच्या खासगी कप्प्यासाठी आहे, ऑफिसच्या नाही. फक्त बघण्याचा अधिकार असेल तर ऑफिसचे खण दिसत नाहीत. ताबा घेतला, तर ते खातं ज्या संस्थेचं ओनर नाही, त्या संस्थेतून आपोआप बाहेर पडतं. म्हणजे एखाद्या कर्मचाऱ्याच्या खात्याचा ताबा घेऊन ऑफिसपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून ऑफिससाठी वेगळा उपाय लागतो, आणि तो आपण पहिल्याच दिवशी केलाय: दुसरा ओनर. तिला सात दिवस थांबावं लागत नाही. घरासाठी बहीण, ऑफिससाठी दुसरा ओनर, अशी ही विभागणी.

तिसरी सोय कागदाची. मालकीणबाईंचा ईमेल, मास्टर पासवर्ड आणि रिकव्हरी कोड हाताने लिहून एका पाकिटात, पाकीट बंद करून त्यावर सही आणि तारीख, आणि ते घरच्या कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. मास्टर पासवर्ड बदलला की पाकीटही बदलायचं. सही फाटलेली दिसली तर पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. तिजोरी उघडली म्हणून हक्क मिळत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या लॉगिनने बँकेतून पैसे काढणं हा मार्ग नव्हे. तिथे वारस, नॉमिनी, सही करण्याचा अधिकार या गोष्टी बँकेतच करून ठेवाव्या लागतात.

एकदा करून बघा

हे सगळं लागलं की एक सराव करायचा. मंगळवारी सकाळी मालकीणबाई फोन बंद करून घरी बसतात. दुसऱ्या ओनरला एकच काम: डोमेनच्या खात्यात शिरून मुदत कधी संपतेय ते बघायचं. कुणालाही न विचारता.

पासवर्ड मिळतो. लॉगिन होतं. आणि पुढे पाटी येते, ‘तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.’ संध्याकाळी फोन चालू झाल्यावर पहिला निरोप येतो: “ताई, ओटीपी तुमच्याच नंबरवर गेला.”

आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत सराव इथेच अडकेल. पासवर्ड वाटला, पण सिम एकाच्याच फोनमध्ये. यावर तीन उपाय. जिथे चालतं तिथे दुसऱ्या ओनरसाठी स्वतंत्र लॉगिन घ्यायचं. तसं जमत नसेल तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटरचा कोड लावायचा आणि तो पासवर्ड मॅनेजरमध्येच ठेवायचा, म्हणजे ज्यांना खण दिसतो त्यांना कोडही दिसतो. यात दोन्ही कुलुपांच्या किल्ल्या एकत्र येतात हे खरं, त्यामुळे हा उपाय फक्त मिळून वापरायच्या खात्यांसाठी ठेवायचा. आणि जिथे एसएमएसशिवाय पर्यायच नाही, तिथे ऑफिसच्या नावाचं वेगळं सिम, ऑफिसमध्येच राहणाऱ्या फोनमध्ये.

एजन्सीने डोमेनच्या खात्याला दुसरा उपाय लावला. पुढच्या मंगळवारी पुन्हा तोच सराव. ताईंचा फोन बंद. दुसऱ्या ओनरने लॉगिन केलं, कोड टाकला, आणि मुदत संपायची तारीख बघून ती ऑफिसच्या कॅलेंडरवर लिहिली. काम पाच मिनिटांत झालं.